अनुभव धागा: फोन हरवण्याआधी खात्याची काय सोय करून ठेवलीत?

मेघना_ठाणे
मागच्या महिन्यात लोकलमध्ये माझा फोन गेला. घरच्या लॅपटॉपवर जीमेल उघडायला गेले. पासवर्ड बरोबर होता, पण पुढचा कोड त्याच फोनवर जाणार. बॅकअप कोड काढून ठेवले होते, पण त्याच खात्याच्या ड्राइव्हमध्ये. पर्यायी ईमेल एक जुना पत्ता होता. त्याचा पासवर्ड आठवेना आणि तो बदलायचा तर लिंक येणार याच जीमेलवर! डुप्लिकेट सिम त्याच दिवशी मिळालं, पण सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद असतात, म्हणून दुसऱ्या दिवशी आत शिरले. आता सासूबाईंना पहिलंच खातं काढून देतेय. आधी काय काय करून ठेवू? आपापले अनुभव सांगा.

रानवाट
रिकव्हरीला मोबाइल नंबर दिला की झालं. माझं सात वर्षांत काही अडलं नाही.

जुना_खलाशी
रानवाट, नंबर हवाच, पण तेवढ्यावर राहू नका. बाबांचं प्रीपेड सिम चार महिने रिचार्जविना पडून होतं. ९० दिवस वापर नसला की नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्याला मिळतो. तसंच झालं. कोड परक्याच्या फोनवर जायला लागले.

मेघना, सासूबाईंच्या खात्याला पर्यायी ईमेल तुमचा द्या, जो तुम्ही रोज उघडता. मग टू-स्टेप चालू करून बॅकअप कोड काढा. आठ आकडी दहा कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. दोन प्रती छापा, एक त्यांच्या कपाटात, एक दुसऱ्या घरी. नवा संच काढला की जुना बाद होतो, म्हणून कागदावर तारीख घाला. आमच्याकडे बहिणीने नवे कोड काढले आणि आई जुनाच कागद घेऊन बसली होती.

शेवटी दुसऱ्या कॉम्प्युटरवर एक कोड टाकून बघा. एक खर्ची पडतो, तो खोडून टाका.

सई_न
माझे नव्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपचे जुने मेसेज आलेच नाहीत. त्याला हेच कोड चालतील का?

जुना_खलाशी
नाही, ते चॅट बॅकअपचं काम, वेगळं. पण अँड्रॉइडवर तो बॅकअप गूगल खात्यातच जातो. खातं गेलं तर तोही हाती लागत नाही.

मेघना_ठाणे
कोड छापले, एक वापरून खोडला. पण नुसत्या कोडने भागत नाही, आधी पासवर्ड लागतोच, आणि तो सासूबाई विसरतात. त्याच कागदावर लिहू का?

रानवाट
लिहा की, घरातच तर राहणार आहे.

जुना_खलाशी
मी लिहिणार नाही. दोन्ही एकत्र ज्याच्या हाती लागलं त्याला खातं उघडंच. वेगळ्या वहीत ठेवा.

मेघना_ठाणे
वही कुठे ठेवली हेही त्या विसरतील. कुणी घरच्या म्हाताऱ्या माणसांसाठी हे नीट बसवलंय का?