'शंभर अंश': गरम की अशक्य?

वैदेही: कथेतला एक तुकडा देते. नागपूरचा बंटी आणि फिनिक्सला वाढलेली त्याची आतेबहीण सई, मे महिन्यात फोनवर.

"दादा, आज इथे शंभर झालं. बाहेर पाय ठेववत नाही."
"शंभर? काय बोलून राहिली तू! शंभरावर पाणी उकळते."
"अरे, गाडीतला आकडा वाचतेय मी."
"मग गाडी दाखवून आण गॅरेजमध्ये."

एकक दोघंही सांगत नाहीत. 'फॅरनहाइट' लिहिलं तर भांडणच संपतं, नाही लिहिलं तर वाचकाला कळेल का?

अरविंद: सईचे शंभर म्हणजे बत्तीस वजा करून अडुसष्ट, त्याला पाचाने गुणून नवाने भागा: ३७.८ सेल्सिअस. मेमध्ये नागपूरकराला एवढ्याने घामही यायचा नाही. तिथला ४५ चा दिवस सईच्या भाषेत ११३ होतो. म्हणजे आधी 'अशक्य' म्हणणारा बंटी हिशोब कळल्यावर 'एवढंच?' म्हणेल. कथेची खरी गंमत तिथे आहे.

सुनील: एवढं गणित कशाला? सेल्सिअसची दुप्पट करा, तीस मिळवा. आम्ही अमेरिकेत हेच करतो.

अरविंद: हवेसाठी चालतं. तापाला लावू नका. ३८ चे तुमच्या रीतीने १०६ होतात, घरचे थेट ॲम्ब्युलन्स बोलावतील. खरा आकडा १००.४.

शोभाताई: शंभर ताप म्हणजे नुसती कणकण. मी क्रोसिनसुद्धा देत नाही, कपाळावर पट्टी ठेवते. यात अशक्य काय आहे?

वैदेही: ताई, हवेबद्दल चाललंय! पण बरं झालं बोललात. बंटीची आईसुद्धा 'शंभर ताप' म्हणत असणार, तेव्हा तिच्या अंगातलं पाणी उकळत नाही. एकाच घरात ताप फॅरनहाइटमध्ये आणि ऊन सेल्सिअसमध्ये, आणि एकक कुणीच उच्चारत नाही. मामीलाच मागून ओरडू देते: "परवा तुलाच शंभर होता ना रे?"

निखिल: बंटीचं 'अशक्य' तसंही अर्धंच बरोबर. हवामानात शंभर सेल्सिअस होत नाही, डेथ व्हॅलीतला १९१३ सालचा विक्रमी आकडासुद्धा ५६.७ आहे. पण सॉनातली कोरडी हवा नव्वदच्या पुढे जाते आणि माणसं तिथे मजेत बसतात. शिवाय सेल्सिअसने १७४२ साली मांडलेल्या मूळ मोजपट्टीत शंभरावर पाणी गोठायचं, उकळायचं शून्यावर! पट्टी उलटी झाली ती नंतर.

सुनील: मग पात्रांना 'अंश' म्हणायला लावा, 'डिग्री' नको.

वैदेही: फोनवर 'अंश' कोण म्हणतं? तो शब्द बातम्यांतला. मी तर 'शंभर झालं' एवढंच ठेवतेय.

अरविंद: ठेवा. पण मामीच्या वाक्यात 'ताप' शब्द यायलाच हवा. नाहीतर परवा त्याला गणितात शंभर होते असं वाटेल.

शोभाताई: आमच्या नातवाच्या पाळणाघरातून ३८ चा निरोप आला, त्याचं पुढे काय करायचं ते कुणी सांगेल का?