मदत हवी आहे: मुलगा छातीला क्रेप बँडेज बांधतो, आता बरगडी दुखते

गोदाकाठ: माझा मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीत आहे. जन्मदाखल्यावर मुलगी लिहिलंय, पण दोन वर्षांपूर्वी त्याने आम्हाला सांगितलं आणि घरात तो मुलगाच आहे. गेल्या रविवारी धुण्यात दोन क्रेप बँडेज सापडली, पाय मुरगळल्यावर बांधतो तसली. सकाळी साडेसहाला बांधतो आणि क्लासहून आल्यावर रात्री आठला सोडतो म्हणाला. डाव्या छातीखाली एका जागी नुसतं बोट लावलं तरी कळवळतो, शिंक आली की तिथे हात धरतो. काखेखाली पट्टीच्या कडेचा लाल वळ आणि बारीक पुरळ आहे. बंद कर म्हटलं तर कॉलेजलाच जाणार नाही म्हणतो. मला त्याच्याकडून ते हिसकावून घ्यायचं नाहीये, पण हे कितपत धोक्याचं आहे?

दादासाहेब: ताई, घाबरू नका. वयात येताना बऱ्याच मुलांना छातीत गाठ येते. माझ्या पुतण्याला होती, दोन वर्षांत आपोआप बसली.

गोदाकाठ: काका, ते वेगळं. हा ट्रान्स मुलगा आहे, छाती सपाट दिसावी म्हणून बांधतो.

दादासाहेब: असं होय. मग माझा पास.

कोकणी_वाघ: क्रेप आधी फेका. बाइंडर मागवा, बनियनसारखा असतो. एक साइज लहान घ्या म्हणजे चांगला सपाट बसतो. माझा मित्र दिवसभर घालतो, काही होत नाही.

फिजिओ_मंजिरी: क्रेप फेका हे बरोबर, बाकीचं नको. ही पट्टी हातापायाला दाब देण्यासाठी असते. छातीला गुंडाळली की प्रत्येक श्वासाला बरगड्या बाहेर ढकलतात आणि ती त्यांना आत ओढते. दिवसभराच्या हालचालीत ती गोळा होऊन दोरीसारखी होते आणि सगळा दाब एकाच बरगडीवर येतो. तुमच्या मुलाचं दुखणं नेमकं एका जागी आहे, म्हणून आज-उद्या डॉक्टरांना दाखवाच. कुर्चेला सूज असेल, बारीक तडाही असू शकतो, आणि तसा तडा साध्या एक्स-रेत कधी दिसतही नाही. तोवर काहीच बांधायचं नाही. सैल हुडी किंवा जाड कापडाचा मोठा शर्ट घालू दे.

पुढे बाइंडर घेतलात तर छातीचा सर्वांत रुंद भाग टेपने मोजा. माप दोन साइजच्या मध्ये आलं तर मोठाच घ्या. घातल्यावर पूर्ण श्वास घेता आला पाहिजे, खोकता आलं पाहिजे. जास्तीत जास्त आठ तास, झोपताना आणि पीटीच्या तासाला नाही, एकावर एक दोन तर कधीच नाही. दमा किंवा पाठीचा बाक असेल तर आधी डॉक्टर.

आणि बाइंडर चांगला म्हणजे त्रास नाही, असं नसतं. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात छाती बांधणाऱ्या 1800 जणांना विचारलं होतं. त्यातल्या 97 टक्क्यांना काही ना काही त्रास झालेला होता. आठवड्यात बांधण्याचे दिवस जितके जास्त, तितक्या तक्रारी जास्त. म्हणून रविवार मोकळा ठेवायचाच, जमलं तर आणखी एक दिवस.

निखिल९८: मी स्वतः ट्रान्स पुरुष आहे. कॉलेजात असताना रात्रीसुद्धा काढायचो नाही. पहिली खूण बोटांना आली. बाइक चालवताना करंगळीला मुंग्या यायच्या, मी म्हणायचो हँडल घट्ट धरतोय म्हणून. मग एक दिवस दादरला पूल चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. मुंग्या, चक्कर, जिना चढताना दम लागणं, यातलं काहीही झालं की तिथल्या तिथे टॉयलेटमध्ये जाऊन काढायचं, घरी जाईपर्यंत थांबायचं नाही. ताई, त्याच्या बॅगेत सैल टी-शर्ट ठेवा, म्हणजे काढल्यावर घालायला काहीतरी असेल. आमच्याकडच्या घामात घामोळं आणि नायटा तर ठरलेला.

फिजिओ_मंजिरी: काढल्यावरही दम कमी होत नसेल, छातीत कळ येत असेल किंवा ओठ-बोटं निळसर दिसली तर थेट इमर्जन्सीला न्या.

कोकणी_वाघ: साइजचं मागे घेतो. टेप चिकटवतात ते कसं?

निखिल९८: पार्सलची चिकटपट्टी कधीच नाही. अंगासाठीची ताणली जाणारी टेप मिळते, पण तीही पाठीभोवती पूर्ण गुंडाळायची नाही. आधी छोटा तुकडा लावून बघायचा आणि काढताना तेल लावायचं. मी घाईत ओढली आणि कातडी निघाली.

गोदाकाठ: काल दाखवलं. एक्स-रे साफ आहे, डॉक्टर कुर्चेची सूज म्हणाले. तीन आठवडे काही बांधायचं नाही, पुरळाला मलम. पट्ट्या त्याने स्वतःच आणून दिल्या. पण सोमवारी कॉलेज आहे आणि युनिफॉर्मचा शर्ट अंगाला बसणारा. एक साइज मोठा शिवायला टाकलाय, शिंपी बुधवारी देतो म्हणतोय. सोमवार-मंगळवारचं काय करायचं, यावर आमची अजून धुसफूस चालू आहे.

निखिल९८: दोन दिवस दांडी मारू द्या की.