अनुभव धागा: उत्सवात, देवळात चाकाची खुर्ची, थकलेली माणसं आणि आवाज सहन न होणारे

आमच्या सोसायटीच्या गणपतीत यंदा मी पहिल्यांदाच समितीवर आहे. ठाण्यातली जुनी सोसायटी, चार इमारती, मधे अंगण. दोन जण चाकाच्या खुर्चीवर आहेत, ऐंशीच्या पुढचे आठ-नऊ आजी-आजोबा आहेत, आणि ढोल वाजला की कपाटात जाऊन बसणारा एक छोटा मुलगा आहे. बैठकीत "रॅम्प करू" एवढं ठरलं आणि विषय संपला. मला तो संपला असं वाटत नाही. तुमच्याकडे काय केलं, काय फसलं, ते लिहा. कायद्याची कलमं नकोत, अनुभव हवेत. देऊळ, चर्च, घरचा गणपती, काहीही चालेल.

चाकांवरून

फसलेलंच आधी सांगते. आमच्या मंडळाने माझ्यासाठी रॅम्प केला होता. स्टेज दोन फूट उंच आणि रॅम्प सात फूट लांब. वर लाल गालिचा. दोन मुलं मागून ढकलत होती. निम्म्यावर गेल्यावर पुढची चाकं उचलली गेली आणि मी खुर्चीसकट मागे कलले. मागच्या मुलाने छातीवर तोललं म्हणून वाचले. उतरताना तर सरळ उतरवत होते, मी ओरडून खुर्ची उलटी फिरवायला लावली. उतार जास्त असेल तर खुर्ची पाठमोरी उतरवायची आणि धरणारा खालच्या बाजूला राहायचा, हे मुलांना कोणी सांगितलेलंच नव्हतं.

त्यानंतर तीन वर्षं मी रस्त्यावरूनच हात जोडले.

मंडपातला माणूस

चाकांवरून ताई, सात फुटांत दोन फूट म्हणजे जिनाच झाला. मी बावीस वर्षं मंडप घालतो. मलाही हे उशिराच कळलं, ते एका मंडळात काकांची खुर्ची अडकली तेव्हा. हिशोब सोपा आहे, एक इंच उंचीला एक फूट लांबी. स्टेज चोवीस इंच असेल तर चोवीस फूट रॅम्प हवा. ठाण्या-पुण्यातल्या गल्लीत तेवढी जागा कुठून आणणार? वळवायचा म्हटलं तर वळणावर पाच बाय पाचचा सपाट चौक लागतो, नाहीतर खुर्ची फिरत नाही.

म्हणून आता मी रॅम्पचं नंतर बोलतो. आधी विचारतो, की लोकांनी दोन फूट चढायचं कशाला? मूर्ती दुरून दिसावी म्हणून उंच ठेवायची, ते ठीक. पण दर्शनाला उभं राहायची जागा उंच असायचं कारण नाही. एका मंडळात मूर्तीचा चौथरा होता तसाच ठेवला आणि पुढची फळी आठ इंचांवर आणली. आठ फुटांचा रॅम्प, रुंदी चार फूट, आणि दोन्ही कडांना तीन इंची लाकडी पट्टी ठोकली म्हणजे चाक बाहेर जात नाही. गेटपासून सोळा फूट होते, आरामात बसलं.

बारीक गोष्टी तीन. गालिचा घालू नका, पुढच्या छोट्या चाकांखाली तो गोळा होतो. नुसता प्लायही नको, भाद्रपदातल्या पावसात तो साबणासारखा होतो. काथ्याची चटई ताणून कडांना खिळे मारून बसवा. आणि रॅम्प जमिनीला टेकतो तिथे प्लायची पाऊण इंच धार राहते, खुर्ची तिथेच थांबते. त्यावर पत्र्याची पट्टी मारायची. पाय घसरू नये म्हणून काही जण आडव्या पट्ट्या ठोकतात. चालणाऱ्यांना त्या बऱ्या, चाकांना प्रत्येक पट्टी म्हणजे एक गचका.

उपाध्यक्ष_नवमित्र

आमच्या मंडळात दिव्यांगांचं स्वागत गेली सहा वर्षं होतं. दरवर्षी पाच बांधवांना स्टेजवर बोलावून शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह देतो. कार्यकर्ते स्वतः खुर्ची उचलून वर नेतात. अजून काय करायला हवं?

चाकांवरून

उपाध्यक्ष, रागावू नका. मलाही असं एकदा उचललं आहे. चौघांतल्या एकाने हाताच्या दांडीला धरलं, ती दांडी काढता येणारी असते, ती त्याच्या हातात आली. खुर्ची एका बाजूला कलली आणि समोर तीनशे माणसं. वर गेल्यावर शाल मिळाली. मला शाल नको होती हो, मला एरवीच्या मंगळवारी संध्याकाळी कोणालाही हाक न मारता आत यायचं होतं. उचलायची वेळ आलीच तर कुठे धरायचं ते खुर्चीवरच्या माणसाला विचारा. मोटरवाली खुर्ची उचलूच नका, तिचं वजनच माणसाएवढं असतं.

उपाध्यक्ष_नवमित्र

दांडीचं माहीत नव्हतं. मुलांना सांगतो. सत्कार मात्र बंद करणार नाही, ज्यांचा झाला ते खूश होते.

अद्वैतची_आई

धागाकर्ती ताई, कपाटात बसणारा मुलगा वाचून पोटात कालवलं. माझा नऊ वर्षांचा आहे, स्वमग्न. त्याला नुसता मोठा आवाज त्रास देत नाही, अचानक सुरू झालेला देतो. आणि ढोलापेक्षा ताशा. ढोल त्याच्या मते "पोटात वाजतो", ताशा "डोळ्यात जातो". तीन वर्षांपूर्वी आगमनाच्या वेळी ताशा सुरू झाला आणि तो हात सोडून रस्त्यावर पळाला. रिक्षा थांबली म्हणून.

मग मी समितीकडे दोनच गोष्टी मागितल्या. एक, ढोलपथक किती वाजता आणि कुठे वाजवणार ते आदल्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर टाका आणि ती वेळ पाळा. दुसरी, रोज संध्याकाळी सहाला एक आरती स्पीकरशिवाय, झांजांशिवाय, लुकलुकणारे दिवे बंद करून. नुसत्या टाळ्या आणि छोटी घंटा. पहिल्या वर्षी आम्ही तीनच घरं होतो. दुसऱ्या वर्षी म्हातारी माणसं यायला लागली. कानात यंत्र घालणारे एक आजोबा म्हणाले की झांजा लागल्या की ते यंत्र काढूनच ठेवतात, मग आरतीचे शब्दच ऐकू येत नाहीत.

कानावरचे आवाज रोखणारे हेडफोन घेतले होते. ऐनवेळी घातले तर तो ते फेकून देतो, चिमटतात आणि घाम येतो. श्रावणापासून घरी रोज दहा मिनिटं घालायची सवय केली तेव्हा जमलं. विसर्जनाला मात्र अजून काही उपाय नाही. त्या दिवशी आम्ही सरळ बहिणीकडे जातो.

निवृत्त_साहेब

यात अनुभव कसला, नियम स्पष्ट आहे. रात्री दहानंतर स्पीकर बंद. दहाच्या आत किती आवाज करायचा हा मंडळाचा प्रश्न, तेवढं सगळ्यांनी सहन करायचं असतं. वर्षाचा सण आहे.

ध्वनीवाला

साहेब, दहाचं बरोबर. पुढचं अर्धं राहिलं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसाची मर्यादाही आहे, ५५ डेसिबल, रात्रीची ४५. इस्पितळं, शाळा, न्यायालयं यांच्या भोवती किमान शंभर मीटर, सरकारने तसं जाहीर केलं असेल तर, शांतता क्षेत्र. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार रात्री बारापर्यंत सवलत देऊ शकतं, पण ती वेळेची, डेसिबलची नाही. धागाकर्तीने कलमं नकोत म्हटलंय, गप्प बसतो.

माझा धंदा साउंडचा. अंगणात आरती ऐकू यावी म्हणून गेटपाशी दोन मोठे खोके रचतात, म्हणजे जवळच्याचे कान फुटतात आणि लांबच्याला शब्द कळत नाहीत. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो, म्हणून लांबच्यासाठी आवाज वाढवत राहतात. त्यापेक्षा चार छोटे स्पीकर चार कोपऱ्यांत, तोंडं आत, आवाज कमी. ज्याला शांत कोपरा हवा त्याची खुर्ची स्पीकरच्या पाठीमागे ठेवा, शेजारी नको. ढोलपथकाला मात्र हा उपाय लागू नाही, तिथे अंतर एवढंच औषध.

गुडघेदुखी६२

छान धागा. मला चार जिने उतरून आरतीला जाता येत नाही. कल्याण-डोंबिवलीत गुडघ्याचं ऑपरेशन चांगलं कुठे होतं? खर्चही सांगा.

आजीची_नात

काकू, त्यासाठी वेगळा धागा काढा ना, उत्तरं नीट मिळतील.

आमची आजी ८७. तिच्यासाठी सगळे हौसेने खुर्ची आणतात, प्लॅस्टिकची, बिनहातांची, खोलगट. ती त्यात बसते आणि मग तिला उठता येत नाही. दोघांनी काखेत हात घालून उठवायचं, पदर सरकतो, तिला लाज वाटते. पुढच्या वेळी "बरं नाही" म्हणून ती घरीच. आम्ही हात असलेल्या, अठरा इंच उंच बैठकीच्या लाकडी खुर्च्या घरातूनच खाली नेल्या. त्या कुठे ठेवायच्या हेही शिकलो. मागे ठेवल्या तर आरतीला सगळे उभे राहतात आणि आजीला पाठीच दिसतात. पुढे डाव्या कडेला ठेवल्या. तिथून बाहेर पडायलाही सोपं, आणि सगळ्यात जवळचं संडास असलेलं तळमजल्याचं घर त्याच बाजूला. त्या घरच्यांनी दहा दिवस दार उघडं ठेवलं. आजी यायला लागली त्याचं खरं कारण ते दार आहे असं मला वाटतं.

फोंड्याचो

आमच्याकडे गोव्यात गावच्या देवळाचा उंबरठा हातभर रुंद आणि चांगला उंच. तो काढायचा म्हटलं तर महाजनांची सभाच बसेल. सुताराने लाकडाचा दुतर्फा उतार करून दिला, उंबरठ्यावर टोपीसारखा बसतो, पूजा झाली की भिंतीला उभा. उंबरठा जागेवरच.

वाद झाला तो चाकांवरून. बाहेरची चाकं आत कशी, चपलेसारखीच ना ती. देवस्थानने एक वेगळी खुर्ची फक्त आतल्यासाठी ठेवली. माझ्या भावाला पाठीच्या कण्याची दुखापत आहे, त्याला खुर्ची बदलायला दोन माणसं लागतात, आणि त्या खुर्चीला त्याची गादी नाही. गादीशिवाय तासभर बसला तर जखमा होतात. शेवटी ओल्या फडक्याने चाकं पुसून आत घ्यायचं ठरलं. एका भटजींना अजून पटलेलं नाही, ते त्या वेळी दुसरीकडे बघतात.

वसईकर_कुपारी

आमच्या चर्चमध्ये एक बाक अर्धा कापला. चाकाची खुर्ची त्या मोकळ्या जागेत बसते, उरलेल्या अर्ध्या बाकावर घरचे. आधी ती मधल्या वाटेत उभी करायचे, मग कम्युनियनची रांग तिला घासून जायची. एवढाच बदल, पण नाताळच्या मिस्साला मावशी पहिल्यांदा काकांच्या शेजारी बसली.

चाकांवरून

वसईकर, हे फार आवडलं.

अद्वैतची आई, तुमची आरती मुलासाठी योग्यच. पण मला मनातून जरा टोचतं. उद्या समिती म्हणेल, तुमची वेगळी आरती आहे की सहाची, साडेसातला कशाला येता?

अद्वैतची_आई

म्हणालेच आहेत एकदा. माझ्याकडे उत्तर नाही. साडेसातला तो थांबू शकत नाही आणि सहाची नसेल तर त्याला गणपतीच नाही. साडेसातच्याच झांजा कमी करा म्हटलं तर वर्गणी देणारे म्हणतात उत्सवात जान राहत नाही.

मंडपातला माणूस

एक राहिलं. मोठ्या मूर्तीपुढे पूजेची छोटी मूर्ती असतेच. ती खाली टेबलावर आणा. टेबल अडीच फूट उंच, खाली मोकळं, झालर नको, म्हणजे खुर्चीवरच्या माणसाचे गुडघे आत जातात आणि हात मूर्तीपर्यंत पोचतो. निरांजन मात्र मागे सरकवा, बसलेल्याच्या तोंडासमोर ज्योत येते.

धागाकर्ती

आत्ता खाली जाऊन टेप लावला. आमचं स्टेज बावीस इंच, गेटपासून जागा अकरा फूट, आणि मधे पाण्याच्या टाकीचं झाकण वर आलेलं. आमचे मंडपवाले रविवारी येणार आहेत. मंडपातले दादा, त्या झाकणाचं काय करायचं?