ओसीआय कार्डाची तारीख बघा

"पुतणी अमेरिकेत जन्मली, ओसीआय आहे. नीटनंतर तिला फक्त एनआरआय कोट्यातलीच जागा मिळणार का?"

कार्ड कधीचं आहे त्यावर ठरतं. 4 मार्च 2021 च्या अधिसूचनेने ओसीआय मुलांना एनआरआय जागांपुरतं मर्यादित केलं. पण सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी 2023 मध्ये सांगितलं, त्या अधिसूचनेआधी कार्ड मिळालेल्यांचा जुना हक्क कायम. ते भारतीय मुलांबरोबर सर्वसाधारण जागांनाही पात्र आहेत.

आमच्या खानापूरच्या भाचीचं कार्ड 2012 चं, पण पासपोर्ट बदलल्यावर 2023 मध्ये नवं काढलेलं. तपासणीत नवीच तारीख बघितली अन् गाडी अडली. भावजींनी जुन्या कार्डाची झेरॉक्स बेळगावच्या घरी कपाटात जपली होती, म्हणून निभावलं. जुनं कार्ड टाकू नका हो! कर्नाटकच्या सरकारी कोट्याला मात्र इथल्या शाळेची वर्षं वेगळी दाखवावी लागतात.