‘मिली’, ‘मात्रा’ आणि ‘अर्भक’ : शिरेतून द्यायच्या पॅरासिटामॉलच्या तक्त्यातले शब्द

पानकर्ती :
बालरुग्ण विभागातल्या परिचारिकांसाठी एक तक्ता मराठीत करते आहे. विषय आहे लहान मुलांना शिरेतून द्यायचं पॅरासिटामॉल. कच्च्या मसुद्यात एक ओळ अशी आली आहे : ‘अर्भकांना वजनानुसार मात्रा ७.५ प्रति किलो, १५ मिनिटांत.’ वाचताना ती खटकते, पण नेमकं काय खटकतं ते बोट ठेवून सांगता येत नाही. ‘मात्रा’ हा शब्द इथे बरोबर आहे का? ‘मिली’ लिहावं की ‘मि.लि.’? आणि ‘अर्भक’ म्हणजे नक्की किती दिवसांचं बाळ?

काना_मात्रा :
‘मात्रा’ अगदी योग्य. मूळ अर्थच माप. अक्षरावरची मात्रा, छंदातली मात्रा आणि औषधाची मात्रा हे सगळं एकाच कुळातलं. ‘डोस’पेक्षा मला तोच आवडतो. लेखनाबद्दल सांगायचं तर जोडून आल्यावर ऱ्हस्व : मिलिग्रॅम, मिलिलिटर. सुटा शब्द लिहिला तर मराठीत शेवटचा इकार दीर्घ होतो, म्हणून ‘मिली’. दोन्ही चालतात, संदर्भावरून वाचणाऱ्याला कळतं.

रात्रपाळी :
मी बालभूलतज्ज्ञ आहे. लेखनाचा नियम तुम्ही बरोबर सांगितलात, पण ‘संदर्भावरून कळतं’ हे या औषधाबाबत मान्य करता येणार नाही. ‘मिली’ म्हणजे फक्त हजारावा भाग. कशाचा हजारावा भाग, ग्रॅमचा की लिटरचा, ते त्या शब्दात नाहीच. बोलताना आपण ‘तीन मिली भर’ म्हणतो तेव्हा मिलिलिटर गृहीत धरतो. लिहिताना ‘३० मि.’ एवढंच राहिलं, तर पुढचं अक्षर वाचणारा आपल्या मनाने भरतो.

इतर औषधांतही हा घोळ होतो. इथे तो हमखास दहापटीचा होतो, कारण शिरेतून द्यायच्या तयार द्रावणात दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम औषध असतं. पानकर्ती, तुमच्या तक्त्यासाठी एक बाळ घेऊ : दोन महिन्यांचं, वजन ४ किलो. युरोपातल्या माहितीपत्रकांप्रमाणे १० किलोपर्यंत किलोमागे ७.५ मिलिग्रॅम. म्हणजे ३० मिलिग्रॅम. द्रावण किती? ३ मिलिलिटर. आता कागदावर नुसतं ‘३०’ आहे आणि भरणाऱ्याने ३० मिलिलिटर भरले. बाळाला ३०० मिलिग्रॅम गेलं, किलोमागे ७५. त्याच माहितीपत्रकांत या वजनाची चोवीस तासांची कमाल किलोमागे ३० आहे. एका भरणीत अडीच दिवसांची कमाल संपली.

ब्रिटनच्या औषध नियामकाने २०१० मध्ये इशारा दिला तो नेमका याच गोंधळाबद्दल : तान्ह्या बाळांमध्ये मिलिग्रॅमचा आकडा मिलिलिटर समजून दिला गेला होता.

काना_मात्रा :
तुमची आकडेमोड वाचून माझं वाक्य मागे घेतो. पण मग दोष ‘मात्रा’चा नाही, एककाचा आहे.

रात्रपाळी :
‘मात्रा’चाही आहे. वॉर्डात हा शब्द दोन्हींसाठी चालतो. डॉक्टर ‘मात्रा ३०’ म्हणतात तेव्हा मिलिग्रॅम म्हणायचं असतं. सिस्टर ‘मात्रा काढली’ म्हणतात तेव्हा सिरिंजमधलं द्रावण म्हणायचं असतं. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि मधल्या मधे बाळ.

दोनलेकरं :
माझा अनुभव. धाकटीला ताप होता तेव्हा डॉक्टरांनी तोंडाने थेंब दिले होते आणि घरात थोरल्याचं सिरप होतं. दोन्ही पॅरासिटामॉलच. मी थेंबांचंच माप सिरपाला लावणार होते, नणंदेने थांबवलं. मग वरच्या हिशेबाने ४ किलोच्या बाळाला ३ मिली सिरप चालेल ना?

फार्मसी_खिडकी :
नाही ताई, कृपया तसं करू नका. वरचा हिशेब फक्त शिरेतून द्यायच्या द्रावणाचा आहे, तोही रुग्णालयातला. थेंब आणि सिरप यांत एका मिलिलिटरला किती औषध आहे ते बाटलीगणिक वेगळं असतं आणि तोंडाने द्यायचं माप वेगळं धरतात. इतक्या लहान बाळाला ताप असेल तर आधी डॉक्टरांनाच दाखवा. तुमच्या नणंदबाईंनी फार मोठी चूक वाचवली.

तुमच्या अनुभवातून तक्त्यासाठी मात्र एक गोष्ट घेण्यासारखी आहे. बाळ दाखल होण्याआधी घरी तोंडाने किंवा गुदद्वारातून पॅरासिटामॉल दिलेलं असेल, तर ते चोवीस तासांच्या बेरजेत धरावं लागतं. आईला ‘पॅरासिटामॉल दिलं का’ विचारलं तर ‘नाही’ म्हणते. ‘तापाचं काही दिलं का’ विचारलं की ‘हो, थेंब’.

पानकर्ती :
हे लिहून घेते. आता ‘अर्भक’. मी ते वर्षाच्या आतल्या सगळ्या बाळांसाठी वापरलं आहे.

काना_मात्रा :
नवजातासाठी वेगळं माप असतं ना? नवजाताचं यकृत कच्चं, म्हणून विषबाधा लगेच होते, म्हणून मात्रा कमी. एवढं मला ठाऊक आहे.

रात्रपाळी :
अर्धं बरोबर. यकृत कच्चं असतं म्हणजे औषधाला ग्लुकुरोनाइड जोडून बाहेर टाकायची वाट अजून नीट चालू झालेली नसते. सल्फेट जोडायची वाट चालते, तीच बरंचसं काम उचलते. पण पॅरासिटामॉलपासून विषारी घटक तयार करणारी यंत्रणाही तेव्हा मंद असते. म्हणून ‘लगेच विषबाधा’ हे कारण नव्हे. खरं कारण आहे औषध रेंगाळणं. थोड्या मोठ्या बाळांत रक्तातलं औषध निम्म्यावर यायला दीड-दोन तास लागतात, नवजातात साडेतीनच्या आसपास. वेळेआधी जन्मलेल्यांत आणखी जास्त. पहिली मात्रा निभावते, पण ठरल्या अंतराने पुढच्या देत गेलं की साठत जातं. म्हणून नवजातासाठी एका वेळचं माप, दोन मात्रांतलं अंतर आणि दिवसाची कमाल तिन्ही पाहावी लागतात.

त्यामुळे ‘अर्भक’ या एका शब्दात दहा दिवसांचं आणि दहा महिन्यांचं बाळ कोंबू नका. पहिल्या २८ दिवसांसाठी ‘नवजात’ लिहा आणि वेळेआधी जन्मलेल्यांची ओळ वेगळी ठेवा.

फार्मसी_खिडकी :
एक अडचण आधीच सांगते. नवजाताच्या मापावर सगळ्यांचं एकमत नाही. ३.२ किलोचं दहा दिवसांचं बाळ घ्या. युरोपातल्या माहितीपत्रकाने किलोमागे ७.५ प्रमाणे २४ मिलिग्रॅम, म्हणजे २.४ मिलिलिटर. अमेरिकेतल्या माहितीपत्रकात नवजाताच्या तापासाठी किलोमागे १२.५, दर सहा तासांनी, दिवसाला कमाल ५०. त्याने ४० मिलिग्रॅम, ४ मिलिलिटर. दोन्ही अधिकृतच. त्यामुळे ‘नवजाताची मात्रा अमुक’ असं सरसकट वाक्य मराठीत छापू नये. तुमचा विभाग कुठलं माप पाळतो ते विचारून तेवढंच छापा. एका तक्त्यात दोन मापं आली की पुन्हा गोंधळ.

रात्रपाळी :
सहमत. मी स्वतः कमी मापाच्या बाजूचा आहे, विशेषतः बाळाला कावीळ असेल किंवा खाणं नीट सुरू नसेल तर. पण माझ्या शेजारच्या विभागातले सहकारी दुसऱ्या बाजूचे आहेत आणि त्यांच्याकडेही कारणं आहेत.

सोपंउत्तर :
एवढी चर्चा कशाला? औषध दहापट पातळ करून ठेवा. मग एका मिलिलिटरला एक मिलिग्रॅम. ३० मिलिग्रॅम म्हणजे ३० मिलिलिटर. आकडा एकच, चूक व्हायला जागाच नाही.

फार्मसी_खिडकी :
कल्पना आकर्षक आहे आणि एक दशांशापर्यंत पातळ करायला माहितीपत्रकातही परवानगी आहे. पण तुम्ही चुकीचाच आकडा बरोबर ठरवता आहात. ‘३० मिलिग्रॅम म्हणजे ३० मिलिलिटर’ हे एकदा हाताला बसलं, की एखाद्या रात्री पातळ न केलेल्या बाटलीतून ३० मिलिलिटर निघतील. शिवाय ४ किलोच्या बाळाला पंधरा मिनिटांत ३० मिलिलिटर पाणीही कमी नाही.

शब्दाचाही प्रश्न आहे. ‘एकास दहा’ म्हणजे एक भाग औषध आणि दहा भाग सलाइन, की एकूण दहा भाग? वाक्यात ‘एक भाग औषध, नऊ भाग सलाइन’ असंच लिहावं. आणि पातळ केलेलं तासाच्या आत देऊन संपवायचं, ठेवायचं नाही.

पानकर्ती :
चूक झालीच तर ती पकडायची कशी, तेही तक्त्यात घालावं का?

रात्रपाळी :
जरूर. १० किलोपर्यंतच्या बाळासाठी बाटली टांगायचीच नाही. ५ किंवा १० मिलिलिटरच्या सिरिंजने औषध काढायचं. युरोपातल्या मापाने या वजनात एका वेळी साडेसात मिलिलिटरपेक्षा जास्त पातळ न केलेलं द्रावण कधीच लागत नाही. तान्ह्यासाठी मोठी सिरिंज शोधावी लागते आहे, किंवा बाटली निम्मी रिकामी झाली, की हात तिथेच थांबला पाहिजे. हिशेब न करताही डोळ्याला दिसणारी ही खूण आहे.

आणि जास्त गेलंच, तर बाळ हसतंय-खेळतंय म्हणून वाट पाहू नका. पहिल्या दिवशी उलटी, मलूलपणा एवढंच दिसेल किंवा काहीच दिसणार नाही. यकृताच्या तपासणीतले आकडे नंतर चढतात. औषध थांबवायचं, किती गेलं आणि किती वाजता ते लिहायचं, विषबाधा तज्ज्ञांना लगेच विचारायचं. उतारा असलेलं अ‍ॅसिटाइलसिस्टीन वेळेत सुरू झालं तर फार उपयोगी पडतं. रक्तातली पातळी पाहून ठरवायचा नेहमीचा आलेख तोंडाने घेतलेल्या औषधावरून बनवलेला आहे, शिरेतून गेलेल्याला तो तसाच लावता येत नाही. म्हणून आलेखात ‘सुरक्षित’ दिसलं तरी फोन करायचाच.

पानकर्ती :
ओळ अशी बदलली आहे : ‘वजन ४ किलो : औषध ३० मिलिग्रॅम. सिरिंजमध्ये भरायचे द्रावण ३ मिलिलिटर (पातळ न केलेले, १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम).’ ‘मात्रा’ शब्द काढला, दोन्ही एककं पूर्ण लिहिली.

काना_मात्रा :
‘मात्रा’ गेल्याचं वाईट वाटलं, पण ओळ वाचताना कुठे अडखळलो नाही. फक्त तक्त्यात इतरत्र ‘७.५’ असेल, तर त्यातला टिंब छपाईत पुसट आला की ‘७५’ होईल. तिथे ‘साडेसात’ असं अक्षरी लिहाल का?

पानकर्ती :
लिहिते. पण ‘२.४’चं काय करू? ‘दोन पूर्णांक चार’ वॉर्डात कोणी म्हणत नाही.

फार्मसी_खिडकी :
आमच्याकडे ‘दोन पॉइंट चार’ म्हणतात. लिहिताना मात्र अजून कोणालाच चांगला मार्ग सापडलेला नाही. मी तूर्त टिंब मोठा करून छापते.