'मुंबईची असून' छान?

> जाऊबाई म्हणाल्या, "मुंबईची असून मोदक बरे जमले हो तुला." थँक्यू म्हणू की काय, तेच सुचेना.

अगं, आमच्या गुहागरात हे रोजचंच. कौतुकाला 'चक्क', 'यावेळी', 'असून' असं शेपूट दिसलं की मीही सावध होते, पण तेवढ्यावरून टोमणा म्हणता येत नाही, इथे मनापासून आवडलं तरी 'बरं झालंय' याच्या वर कोणी जात नाही (माझे सासरे तर नुसतेच हुं करतात). मी शब्द सरळ धरून एक प्रश्न विचारते. गेल्या गणपतीत आत्तेसासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "कळ्या चक्क नीट पडल्यात की!" मी म्हटलं, "हो का, उकड अजून मळायला हवी होती का हो?" त्यांनी मोदक उचलून खालून बघितला, म्हणाल्या, बूड जाड राहिलंय, बोटांना तेलपाणी लावून पारी पातळ कर. म्हणजे मनापासूनच होतं ना. टोमणा असता तर "छे गं, सहज म्हटलं" करून विषय बदलला असता. तसं झालं तर मी एवढंच म्हणते, "अजून एक घ्या ना, तूप वाढू?" उलट टोमणा मात्र चारचौघांत नको, विसर्जनापर्यंत एकाच स्वयंपाकघरात काढायचंय तुला.