'यस्टरडे नाइट', 'लास्ट नाइट' आणि 'फ्रॉम लास्ट वीक': चूक नेमकी कुठे?

अर्धविराम:
रजेच्या मेलमध्ये मी लिहिलं होतं: 'आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर फ्रॉम लास्ट वीक. यस्टरडे नाइट आय हॅव गॉन टु द डॉक्टर.' एका सहकाऱ्याचं म्हणणं, दोन वाक्यांत तीन चुका आहेत. मेल वाचून सगळ्यांना अर्थ कळला, रजाही मिळाली. मग चूक कशाला म्हणायचं? 'यस्टरडे नाइट', 'लास्ट नाइट', 'फ्रॉम लास्ट वीक' यांच्याबरोबर काळ कोणता वापरायचा असा काही पक्का नियम आहे, की हे नुसतं नाक मुरडणं आहे?

खडूफळा:
नियम एका ओळीचा आहे. 'लास्ट' किंवा 'यस्टरडे' दिसलं की डोळे मिटून साधा भूतकाळ. 'आय वेंट', 'आय सॉ', 'आय हॅड'. आणि 'यस्टरडे नाइट' असं काही इंग्रजीत नसतंच, 'लास्ट नाइट' म्हणायचं. विषय संपला.

मृण्मयी:
खडूफळा, डोळे मिटल्यावरच घोटाळा होतो. 'आय हॅव बीन इल सिन्स लास्ट वीक' यात 'लास्ट' आहे की! आणि हे वाक्य अगदी बरोबर आहे. तिथे तुमच्या नियमाने 'आय वॉज इल सिन्स लास्ट वीक' लिहिलं तर चुकेल. शब्द पाहून काळ ठरत नाही, तो शब्द वाक्यात काय सांगतोय यावर ठरतो.

आपल्याकडे यासाठी दोन सरळ प्रश्न आहेत: 'कधी?' आणि 'कधीपासून?' 'डॉक्टरांकडे कधी गेलास?' याचं उत्तर 'काल रात्री'. ती वेळ संपली, तिच्यावर कुलूप लागलं. म्हणून 'आय वेंट टु द डॉक्टर लास्ट नाइट'. 'ताप कधीपासून आहे?' याचं उत्तर 'गेल्या आठवड्यापासून', आणि ताप अजून उतरलेला नाही. म्हणून 'आय हॅव हॅड अ फीव्हर सिन्स लास्ट वीक'. तिथे 'ॲम' चालत नाही आणि 'फ्रॉम'ही नाही.

'ॲम' का येतं तेही सांगते. मराठीत आपण 'मी गेल्या आठवड्यापासून आजारी आहे' म्हणतो, तिथे 'आहे' हाच योग्य शब्द आहे. तोच 'आहे' उचलून 'ॲम' केला आणि 'पासून'चं 'फ्रॉम' केलं की अर्धविरामांचं पहिलं वाक्य तयार होतं. शिवाय त्यात दोन 'फ्रॉम' एकामागे एक आलेत, एक तापाचा आणि एक आठवड्याचा. वाचणारा क्षणभर अडखळतोच.

अर्धविराम:
पहिलं वाक्य पटलं. पण दुसऱ्यात 'हॅव गॉन' का नको? 'काल रात्री मी डॉक्टरांकडे जाऊन आलो आहे' हे मराठीत कुणालाही खटकणार नाही.

मृण्मयी:
खटकणार नाही, आणि मूळ दुखणं तिथेच आहे. मराठीत 'काल' आणि 'आहे' सुखाने एकत्र नांदतात. 'मी काल पैसे भरले आहेत', 'त्याने परवाच सांगितलं आहे'. 'आहे' जोडून आपण सुचवतो की काम झालंय, त्याचा उपयोग आता होतोय. इंग्रजीतला 'हॅव'ही तेच सुचवतो, पण त्याला संपलेली, नाव घेऊन सांगितलेली वेळ जवळ चालत नाही. 'आय हॅव पेड' बरोबर, 'आय पेड यस्टरडे' बरोबर. दोन्ही एकत्र केले, 'आय हॅव पेड यस्टरडे', की बिघडलं. एकतर वेळ सांगा, नाहीतर 'हॅव' ठेवा.

तुमच्या वाक्यात आणखी एक गंमत आहे. 'हॅज गॉन टु द डॉक्टर' म्हणजे माणूस गेलाय आणि अजून परतलेला नाही. मेल मात्र तुम्ही घरी बसून लिहीत होतात.

तिरकस:
माझं मत वेगळं आहे. जर्मन माणूस 'काल'बरोबर 'हॅव'सारखंच रूप वापरतो. फ्रेंच माणूसही वापरतो. मराठी तर वापरतेच. म्हणजे यात तर्क वगैरे काही नाही, इंग्रजीला लागलेली ही खोड आहे. जगात इंग्रजी बोलणाऱ्या बहुसंख्य लोकांची ती पहिली भाषा नाही. ज्यांची नाही त्यांनी स्वतःच्या सवयीने बोललं तर चूक कसली? आणि 'यस्टरडे नाइट'चं म्हणाल तर 'यस्टरडे मॉर्निंग' चालतं, 'यस्टरडे आफ्टरनून' चालतं, 'यस्टरडे इव्हनिंग' चालतं. पुढच्या दिवसाचं 'टुमॉरो नाइट'सुद्धा चालतं. मधली एकच रात्र कुणी वाळीत टाकली?

खडूफळा:
परीक्षेत मार्क कापणाऱ्याला हे सांगून बघा.

मृण्मयी:
तिरकस, खोड आहे हे मान्य. पण भाषा खोडींचीच बनलेली असते. मराठीत 'मला भूक लागली' आणि 'मी जेवलो' यांत 'मला' आणि 'मी' का बदलतात, याचं तर्काने उत्तर देत बसलो तर सकाळ होईल.

'यस्टरडे नाइट'बद्दल मात्र मी बरीचशी तुमच्या बाजूने आहे. सहकाऱ्याने मोजलेल्या तीन चुका एका वजनाच्या नाहीतच. 'यस्टरडे नाइट' कानाला परकं वाटतं, रूढ शब्द 'लास्ट नाइट' आहे, एवढंच. अर्थ तसूभरही बदलत नाही. शेक्सपिअरच्या नाटकांत याच अर्थाने 'यस्टरनाइट' येतं. इतकंच काय, तिथे रोमिओ आदल्या रात्रीच्या स्वप्नाबद्दल बोलताना चक्क 'टुनाइट' म्हणतो. म्हणजे रात्रीच्या नावांची ही वाटणी रूढीने ठरलेली आहे आणि ती बदलत आली आहे. 'लास्ट मॉर्निंग' म्हणत नाहीत, 'यस्टरडे मॉर्निंग' म्हणतात, हीसुद्धा रूढीच. मी स्वतः मेलमध्ये 'लास्ट नाइट'च लिहीन, पण कुणी 'यस्टरडे नाइट' म्हटलं तर त्याला थांबवून दुरुस्त करणार नाही.

काळाचं तसं नाही. तिथे माहिती बदलते. 'आय हॅड अ फीव्हर लास्ट वीक' लिहिलंत तर वाचणारा समजेल की ताप गेला, आता रजा कशाला? 'आय हॅव हॅड अ फीव्हर सिन्स लास्ट वीक' लिहिलंत तर कळेल की अजून आहे. तुमच्या 'आय ॲम... फ्रॉम लास्ट वीक'मधून वाचणाऱ्याने अर्थ ओळखला, कारण त्याच्याही डोक्यात मराठी वाक्य होतं. ज्याच्या डोक्यात ते नाही तो अंदाज करत बसेल.

रात्रपाळी:
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मी रात्री काम करतो आणि सकाळी अहवाल लिहितो. यंत्रणा रात्री दीड वाजता बंद पडली तर 'लास्ट नाइट' लिहायचं की 'दिस मॉर्निंग'? घड्याळाप्रमाणे ती आजची तारीख आहे. 'यस्टरडे नाइट' लिहिलं तर वरिष्ठ म्हणतात काल नव्हे, आज. 'दिस मॉर्निंग' लिहिलं की ते सकाळी सातचं समजतात. काळ मी साधा भूतकाळच लिहितो, त्याची भीती नाही.

खडूफळा:
बारानंतर तारीख बदलते, म्हणून 'दिस मॉर्निंग'. सरळ आहे.

मृण्मयी:
इतकं सरळ नाही. 'वन थर्टी दिस मॉर्निंग' चालतं, पण तासाचा आकडा सोबत हवा. दीडला जागा असलेला माणूस दुसऱ्या दिवशी 'लास्ट नाइट'ही बिनधास्त म्हणतो, कारण झोपेपर्यंत त्याची रात्र संपलेली नसते. अहवालात तारीख आणि वेळ आकड्यांत लिहा, दोन्ही शब्द टाळा.

रात्रपाळी:
आकडे लिहितोच. वरती सारांशाची एक ओळ लागते, तिथे गोची होते.

केतकीवन:
मराठीत तरी 'काल रात्री' की 'काल रात्रौ', ते आधी ठरवा. जुन्या निमंत्रणपत्रिकांत 'रात्रौ' असायचं. (धाग्याचा विषय इंग्रजी आहे हे आत्ता दिसलं. असो.)

दुर्बीण:
'होता'वर कुणी बोललंच नाही. माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या मेलमध्ये 'आय हॅड कॉल्ड यू यस्टरडे' असतं. मराठीत आपण सहज म्हणतो, 'काल मी तुला फोन केला होता'. तो 'होता' इंग्रजीत 'हॅड' होऊन बसतो. इंग्रजी 'हॅड'ला पुढे दुसरी एखादी घडलेली गोष्ट लागते. 'आय हॅड कॉल्ड यू बिफोर आय लेफ्ट' ठीक, कारण फोन आधी आणि निघणं नंतर. नुसतंच 'हॅड कॉल्ड यस्टरडे' वाचलं की मी वाट बघतो, पुढे काय झालं?

आणि मृण्मयी, 'फ्रॉम लास्ट वीक' सरसकट बाद करू नका. 'द मेल फ्रॉम लास्ट वीक' म्हणजे गेल्या आठवड्यातला मेल. हे पूर्ण बरोबर आहे.

मृण्मयी:
बाद केलं नव्हतं, पण बरं झालं काढलंत. तिथे 'फ्रॉम'चा अर्थ 'मधला' असा आहे आणि त्याचा काळाशी संबंधच नाही. 'पासून' अर्थानेही 'फ्रॉम' दोन ठिकाणी हक्काने येतो. दोन्ही टोकं सांगितली असतील तिथे: 'द ऑफिस वॉज क्लोज्ड फ्रॉम मंडे टु थर्सडे'. आणि पुढची सुरुवात सांगायची असेल तिथे: 'आय विल वर्क फ्रॉम होम फ्रॉम नेक्स्ट वीक'. अडचण फक्त एका जागी आहे. मागे सुरू झालं, अजून चालू आहे, आणि दुसरं टोक म्हणजे हा क्षण. तिथे 'सिन्स' आणि 'हॅव'.

एक बारीक फरक राहिला. 'लास्ट वीक' म्हणजे मागचा, संपलेला आठवडा. 'फॉर द लास्ट वीक' म्हणजे आजपर्यंतचे सात दिवस. म्हणून 'आय हॅव बीन इल फॉर द लास्ट वीक' बरोबर आहे. एका 'द'ने काळ फिरतो.

तिरकस:
एका 'द'साठी माणसाची रजा अडत असेल तर दोष रजा देणाऱ्याचा. आणि ज्यांची पहिली भाषा इंग्रजीच आहे ते ऑस्ट्रेलियातले पोलीस बातमी देताना 'काल'बरोबर 'हॅव'चं रूप वापरतात, हे नोंदवलेलं आहे. त्यांचे मार्क कोण कापणार?

दुर्बीण:
ते घटना रंगवून सांगताना वापरतात, सगळीकडे नाही. रजेचा मेल म्हणजे बातमी नव्हे.

तिरकस:
आज रंगवून सांगताना, उद्या मेलमध्ये. 'यस्टरनाइट' गेलंच ना?

अर्धविराम:
मेल नव्याने लिहिला: 'आय हॅव हॅड अ फीव्हर सिन्स लास्ट वीक, अँड आय वेंट टु द डॉक्टर लास्ट नाइट.' आता दुसरी शंका. डॉक्टरांकडे आज सकाळी गेलो असतो तर? 'आय हॅव गॉन धिस मॉर्निंग' की 'आय वेंट'?

मृण्मयी:
मेल दुपारी लिहिताय तर 'आय वेंट', सकाळ संपली. सकाळीच लिहिताय तर 'आय हॅव बीन टु द डॉक्टर दिस मॉर्निंग'ही चालेल. 'गॉन' नको, परत आला आहात.

खडूफळा:
सकाळी लिहितानाही 'वेंट'च लिहा. मी तर तेच शिकवतो.

मृण्मयी:
तेही चालतं. 'च' तेवढा काढा.